कलिंगडाचा गुरू, द्राक्षाची पृथ्वी

फेब्रुवारी संपत आला की रस्त्याकडेला कलिंगडांचे ढीग दिसू लागतात. गिऱ्हाईक फळ उचलतं, टिचकी मारून कान लावतं, देठ बघतं आणि भाव करतं. पण २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी शाळेच्या मैदानावर सूर्यमाला मांडायची असेल, तर त्या ढिगाशी जाणाऱ्या शिक्षकाच्या खिशात एक दोरा हवा. दोऱ्यावर ६९ सेंटिमीटरवर खूण केलेली हवी. तो दोरा ज्या कलिंगडाच्या पोटाभोवती बरोबर खुणेपर्यंत पोचेल, ते आपलं. गोड निघालं तर वरकमाई. हे कलिंगड म्हणजे गुरू ग्रह आणि ६९ हा आकडा हिशेब करून काढलेला आहे.

सूर्यमालेची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. डाव्या कडेला सूर्याचा तुकडा आणि पुढे आठ ग्रह, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे खांद्याला खांदा लावून. त्या चित्रात ग्रहांचे आकार बऱ्यापैकी प्रमाणात असले तर अंतरं खोटी असतात, आणि अंतरं खरी ठेवायची तर ग्रह दिसेनासे होतात. चित्रकार आळशी असतो म्हणून असं होत नाही. का होतं, हे समजून घ्यायला एक लांब दोरी, बाजारातली फळं आणि सातवीच्या गणितातलं गुणोत्तर एवढं पुरतं.

दोरीपासून सुरुवात करावी. पृथ्वीचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. खगोलशास्त्रज्ञ या अंतरालाच एक माप मानतात आणि त्याला ‘खगोलीय एकक’ म्हणतात. दोरीसाठी सगळ्यात सोपं प्रमाण म्हणजे एक खगोलीय एकक बरोबर एक मीटर. मग हिशेब एका भागाकाराचा उरतो. गुरूचं अंतर ७७ कोटी ८५ लाख किलोमीटर. त्याला १४.९६ कोटींनी भागलं की ५.२० येतात, म्हणजे गुरूची खूण सूर्यापासून ५ मीटर २० सेंटिमीटरवर. असंच करत गेलं की बुध ३९ सेंटिमीटरवर येतो, शुक्र ७२ वर, पृथ्वी एक मीटरवर आणि मंगळ १ मीटर ५२ सेंटिमीटरवर. शनी ९ मीटर ५८, युरेनस १९ मीटर २० आणि नेपच्यून ३० मीटर ५ सेंटिमीटर. ३१ मीटर दोरी आणली की थोडी हातात धरायलाही उरते.

इथे पहिली चूक होते ती आकड्यांच्या भाषांतराची. बहुतेक तक्ते ‘मिलियन’मध्ये असतात आणि आपण कोटीत विचार करतो. १४९.६ मिलियन म्हणजे १४.९६ कोटी. कोणी घाईत एका ग्रहाचं अंतर मिलियनमध्ये ठेवलं आणि भाजक मात्र कोटीतला घेतला, तर तो ग्रह दहापट लांब जाऊन पडतो. गुरू ५२ मीटरवर आला तर हे लगेच कळतं, कारण दोरीच तेवढी नसते. पण शुक्र ७ मीटर २० सेंटिमीटरवर आला तर तो गुरू आणि शनीच्या मधल्या मोकळ्या जागेत निमूट बसतो आणि कोणाला खटकत नाही. म्हणून खुणा करण्याआधी सगळे आकडे चढत्या क्रमाने आहेत ना, एवढं तरी पाहून घ्यावं.

दुसरी चूक हातांची. दोरीला गाठी मारून खुणा करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण जाड दोरीची एक गाठ सहज पाच-सहा सेंटिमीटर दोरी खाते. आधी सगळी मापं घेऊन मग आठ गाठी मारल्या, तर नेपच्यून सूर्याकडे चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर सरकतो. बुधाचं सूर्यापासूनचं सगळं अंतरच ३९ सेंटिमीटर आहे, हे लक्षात घेतलं की चूक केवढी ते कळतं. त्यापेक्षा रंगीत चिकटपट्टी किंवा रिबिनीचे तुकडे बरे. नायलॉनची दोरी घेऊ नये. दोन्ही टोकांनी ओढली की ती ताणते आणि ताण सुटला की आखडते. सुती दोरी किंवा सुतळी त्या मानाने स्वभावाने स्थिर. आणखी एक पथ्य महत्त्वाचं आहे. प्रत्येक ग्रहाचं माप सूर्याच्या टोकापासून घ्यावं, आधीच्या ग्रहापासून नव्हे. नाहीतर प्रत्येक मापातली अर्ध्या सेंटिमीटरची चूक पुढच्यात मिसळत जाते आणि शेवटच्या ग्रहाच्या वाट्याला सगळ्यांची बेरीज येते.

दोरी ताणून धरली आणि प्रत्येक खुणेपाशी एकेक मूल उभं केलं, की पहिल्या दीड मीटरमध्ये नुसती रेटारेटी होते. सूर्य धरून पाच जण तिथे मावतच नाहीत. एकमेकांच्या पायावर पाय पडतात. मंगळानंतर पावणेचार मीटर कोणी नाही. शनीनंतर जवळजवळ दहा मीटर शुकशुकाट, युरेनसनंतर पुन्हा अकरा मीटर. दोरीचा बरोबर मध्य, म्हणजे १५ मीटरची जागा, अगदी रिकामी असते. हे आकडे तक्त्यात सगळ्यांनी वाचलेले असतात, पण नेपच्यून झालेल्या मुलीला सूर्य झालेल्या मुलाचं बोलणं नीट ऐकू येत नाही, तेव्हा ते अंगाला लागतात.

आता फळं. पृथ्वीसाठी दोन सेंटिमीटर व्यासाचं गोल द्राक्ष घ्यायचं ठरवू. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे फळांच्या जगात एक सेंटिमीटर म्हणजे ६,३७१ किलोमीटर. प्रत्येक ग्रहाच्या व्यासाला या संख्येने भागत गेलं की बाजाराची यादी तयार होते. शुक्र १.९ सेंटिमीटर, तेव्हा तोही द्राक्षच, जरा लहान. मंगळ एक सेंटिमीटरला किंचित जास्त. त्यासाठी फेब्रुवारीत मिळणारं चणीबोर अगदी चपखल. बुध पाऊण सेंटिमीटर, म्हणजे मटाराच्या शेंगेतला दाणा. युरेनस आठ सेंटिमीटर आणि नेपच्यून त्याहून थोडा लहान, ७.७ सेंटिमीटर. दोन मोसंब्यांनी काम भागतं. शनी सव्वाअठरा सेंटिमीटरचा आणि गुरू जवळजवळ २२ सेंटिमीटरचा.

फळाचा व्यास थेट मोजता येत नाही, कारण पट्टी आतून घालता येत नाही. त्याला दोन उपाय आहेत. लहान फळ दोन वह्यांच्या पुठ्ठ्यांमध्ये उभं धरून पुठ्ठ्यांमधलं अंतर मोजायचं. मोठ्या फळाभोवती दोरा गुंडाळून घेर काढायचा आणि त्याला ३.१४ ने भागायचं. बाजारात जाताना हा हिशेब उलटा केलेला बरा. २१.९ गुणिले ३.१४ म्हणजे ६८.८, सोयीसाठी ६९ सेंटिमीटर. दोऱ्यावरची खूण आली ती अशी. एवढ्या घेराचं कलिंगड साधारण पाच किलोंच्या आसपास भरतं. अडचण एकच, हल्ली बाजारात लांबट कलिंगडंच जास्त येतात. गुरू लांबट नाही, उलट चपटा आहे. स्वतःभोवती तो दहा तासांहून कमी वेळात एक फेरी मारतो. त्या वेगाने त्याचं पोट सुटलं आहे आणि ध्रुव दबले आहेत. आपल्या प्रमाणात त्याचा मधला व्यास २२.४ सेंटिमीटर आणि उभा व्यास २१. म्हणून ढिगातलं सगळ्यात गोल कलिंगड शोधावं आणि उरलेला फरक गुरूने समजून घ्यावा.

शनीसाठी फळवाल्याकडे जाऊ नये, भाजीवाल्याकडे जावं. शनी तर गुरूपेक्षाही चपटा. त्याचा मधला व्यास जवळजवळ १९ सेंटिमीटर आणि उभा १७. नेमका हाच आकार छोट्या लाल भोपळ्याचा असतो, देठाकडून आणि बुडाकडून दबलेला. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने भोपळा फळच आहे, तेव्हा ‘फळांची सूर्यमाला’ म्हणायलाही हरकत नाही. शनीची ठळक कडी पुठ्ठ्याची करायची तर तबकडीचा बाहेरचा व्यास ४३ सेंटिमीटर हवा. इथे मात्र प्रमाण सोडून द्यावं लागतं. एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा आपल्या हिशेबात ६३७ किलोमीटर जाडीचा होतो. खऱ्या कड्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर एवढीच आहे. तेवढा पातळ कागद कोणत्याच दुकानात मिळणार नाही.

फळांचं ताट मांडून झालं की वर्गात एक प्रश्न हमखास विचारावा. गुरूच्या कलिंगडात पृथ्वीची द्राक्षं किती मावतील? बरीच मुलं झटकन ‘अकरा’ म्हणतात, कारण व्यासाचं गुणोत्तर अकराच आहे. कलिंगडाच्या रुंदीत अकरा द्राक्षं ओळीने बसतात हे खरं. पण कलिंगडाला उंची आहे आणि खोलीही आहे. अकराचा घन १,३३१. नेमके आकडे घेतले तर १,३२० च्या जवळपास. यात द्राक्षं चेचून भरली असं धरलं आहे. गोल द्राक्षं नुसती रचली तर मध्ये फटी राहतात आणि कमी मावतात. गंमत अशी, की गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या फक्त ३१८ पट आहे. आकार तेराशे पट, पण वजनाला तीनशे पट, कारण गुरू मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा आहे आणि पृथ्वी खडक आणि लोखंडाची.

आता द्राक्ष दोरीवर ठेवायची वेळ, आणि खरी भानगड इथे सुरू होते.

चंद्रापासून बघू. द्राक्षाच्या प्रमाणात चंद्राचा व्यास साडेपाच मिलिमीटर, म्हणजे टपोरा मिरीदाणा. तो द्राक्षापासून किती लांब ठेवायचा? ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरला ६,३७१ ने भागलं तर ६० सेंटिमीटर येतात. पुस्तकातल्या चित्रांच्या सवयीने आपला हात द्राक्षाच्या वीतभर अंतरावर थबकतो, पण खरं अंतर त्याच्या तिपटीच्या आसपास आहे. हे झालं फळांच्या मापाने. दोरीच्या मापाने मात्र तेच अंतर येतं फक्त २.६ मिलिमीटर. द्राक्षाची त्रिज्या दहा मिलिमीटर आहे. म्हणजे दोरीवर चंद्र ठेवायचा तर तो द्राक्षाच्या गरात खुपसावा लागेल.

सूर्याचं तर विचारूच नये. त्याचा व्यास १३ लाख ९१ हजार किलोमीटर, द्राक्षाच्या १०९ पट. म्हणजे फळांच्या मापाने सूर्याचा गोळा २ मीटर १८ सेंटिमीटर व्यासाचा, मास्तरांपेक्षा उंच. एवढं फळ नाही, पण फळ्यावर वर्तुळाचा कंस काढून दाखवता येतो. त्याची त्रिज्या १ मीटर ९ सेंटिमीटर. हा गोळा दोरीच्या सुरुवातीला ठेवला, तर ३९ सेंटिमीटरवरचा बुध, ७२ वरचा शुक्र आणि एक मीटरवरची पृथ्वी तिन्ही त्याच्या पोटात जातात. मंगळ कसाबसा बाहेर राहतो.

हे बिघडलं कुठे? दोरी बरोबर आहे आणि फळंही बरोबर आहेत. पण दोघांची प्रमाणं वेगळी आहेत. फळांच्या मापाने पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर काढलं तर १४.९६ कोटी भागिले ६,३७१ म्हणजे २३,४८१ सेंटिमीटर, सुमारे २३५ मीटर. दोरीवर आपण तेच अंतर एक मीटर धरलं आहे. म्हणजे फळं दोरीपेक्षा २३५ पट फुगवलेली आहेत. दोरी आणि फळांची सूर्यमाला मांडणाऱ्या प्रत्येक वर्गाने हा २३५ चा आकडा स्वतः काढावा. बाकी सगळे भागाकार यंत्रावरही होतात. आपल्या प्रतिकृतीत खोटं किती आहे, हे मात्र हाच एक भागाकार सांगतो. प्रतिकृतीखाली पाटी लावायची तर ‘फळे दोरीच्या तुलनेत २३५ पट मोठी’ असं स्वच्छ लिहावं.

फळं तशीच ठेवून दोरी खरी करायची तर नेपच्यूनसाठी सात किलोमीटर दोरी लागेल. दोरी तशीच ठेवून फळं खरी करायची तर सूर्य नऊ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याचा दाणा. गुरू खसखशीएवढा आणि पृथ्वी ०.०८५ मिलिमीटर, साधारण एका केसाच्या जाडीची. शाळेच्या मैदानावर हे दोन्ही टोकाचे पर्याय निरुपयोगी आहेत.

हा पेच नवा नाही. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शल यांनी १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या खगोलशास्त्राच्या ग्रंथात तो सोडवून दाखवला होता. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शल हे त्यांचे वडील. कागदावर वर्तुळं काढून किंवा त्या काळी मिळणाऱ्या फिरत्या ग्रहांच्या यंत्रांतून अंतरांची कल्पना येईल, यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. त्यांनी दोन फुटी गोळ्याचा सूर्य एका सपाट मैदानावर ठेवला आणि बाकीचं सामान स्वयंपाकघरातून काढलं. बुध मोहरीचा दाणा, शुक्र आणि पृथ्वी वाटाणे, मंगळ टाचणीचं मोठं डोकं, गुरू मध्यम संत्रं, शनी लहान संत्रं, युरेनस चेरी किंवा लहानसा आलुबुखार, नेपच्यून मोठा आलुबुखार. पृथ्वीचा वाटाणा सूर्यापासून २१५ फुटांवर आणि नेपच्यूनच्या फेऱ्याचा व्यास अडीच मैल. आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात. नेपच्यून सापडून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुढे १९८९ मध्ये गाय ओटवेल यांनी हाच खेळ हजार यार्डांच्या चालण्यात बसवला. त्यांचा सूर्य आठ इंची चेंडू आणि पृथ्वी मिरीदाणा. आपल्या स्वयंपाकघरातून बघितलं तर त्या मापाला मिरी जरा मोठीच होते. मोहरी जास्त बरोबर.

आठ इंच म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर, आपल्या कलिंगडाच्या जवळपासच. त्यातून मैदानावरच्या वर्गासाठी एक सोपी वाट निघते आणि त्यासाठी नवी खरेदीही जवळजवळ करावी लागत नाही. निसर्गाची सोय अशी, की गुरू पृथ्वीच्या अकरा पट रुंद आहे आणि सूर्य गुरूच्या दहा पट. म्हणून सगळ्यांना एकेक पायरी बढती द्यायची. कालपर्यंत गुरू असलेलं कलिंगड आज सूर्य. पृथ्वी असलेलं द्राक्ष, त्यातलं जरा टपोरं, आज गुरू. शुक्राचं लहान द्राक्ष आज शनी. बुधाचा मटार आज युरेनस, आणि तसाच आणखी एक दाणा नेपच्यून. पृथ्वी आणि शुक्र दोन-दोन मिलिमीटरचे, म्हणजे मोठ्या मोहरीचे दाणे. मंगळ एका मिलिमीटरचा, खसखशीचा दाणा, आणि बुध त्याहूनही बारीक, रव्याचा कण.

अंतराचा हिशेब पुन्हा एका गुणाकाराचा. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर सूर्याच्या व्यासाच्या साडेएकशेसात पट, म्हणजे १०७.५ पट आहे. २२ सेंटिमीटर गुणिले १०७.५ म्हणजे २३ मीटर ६५ सेंटिमीटर. हे आपलं नवं खगोलीय एकक. आता ३१ मीटरची दोरी फक्त पृथ्वीपर्यंत पुरते. तिच्यावर २३ मीटर ६५ सेंटिमीटरची खूण करायची आणि पुढे तीच मोजपट्टी म्हणून वापरायची. बुध ९ मीटरवर, मंगळ ३६ मीटरवर. गुरूसाठी दोरी पाच वेळा टाकून थोडं पुढे, १२३ मीटर. शनी २२७ मीटर, युरेनस ४५४ मीटर आणि नेपच्यून ७११ मीटर. शाळेच्या फाटकातून बाहेर पडून गावातल्या सरळ रस्त्याला लागावं लागतं, पण पाऊण किलोमीटरच्या आत सगळे ग्रह येतात. पृथ्वीची मोहरी एका कार्डाला चिकटवून न्यावी. हातातून पडली तर सापडत नाही.

नेपच्यूनच्या मटारापाशी उभं राहून मागे पाहिलं तर कलिंगड दिसत नाही. माणसं, झाडं, रिक्षा मध्ये येतात हे एक कारण. रस्ता मोकळा असला तरी २२ सेंटिमीटरचं फळ ७११ मीटरवरून नुसता ठिपका असतं. खऱ्या नेपच्यूनवरूनही सूर्य आपल्याला दिसतो त्याच्या तिसाव्या भागाएवढाच रुंद दिसतो. हे गुणोत्तर प्रतिकृतीत आपोआप बरोबर येतं, कारण आता फळं आणि दोरी एकाच मापात आहेत. २३५ च्या पाटीची गरज उरलेली नाही.

प्रकाशही या रस्त्यावर चालवून पाहता येतो. सूर्याचा प्रकाश पृथ्वीपर्यंत यायला ४९९ सेकंद लागतात, म्हणजे ८ मिनिटं १९ सेकंद. २३ मीटर ६५ सेंटिमीटरला ४९९ ने भागलं तर सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. विश्वातली सगळ्यात वेगवान गोष्ट आपल्या रस्त्यावर कासवाच्या चालीने जाते. साध्या चालीने मूल नेपच्यूनपर्यंत नऊ-दहा मिनिटांत पोचतं. प्रकाशाला ४ तास १० मिनिटं लागतात. शाळा सुटायची वेळ होईल.

तरीही ही प्रतिकृती एका बाबतीत दिशाभूल करते, आणि ते मुलांना सांगायला हवं. आठही ग्रह असे एका रांगेत कधी उभे राहत नाहीत. दोरी म्हणजे फक्त अंतराची पट्टी आहे, नकाशा नव्हे. ३१ मीटरच्या जुन्या दोरीवर परत जाऊन हे दाखवणं सोपं पडतं. पृथ्वीचं मूल एक मीटरच्या वर्तुळावर आणि मंगळाचं दीड मीटरच्या वर्तुळावर चालू द्यावं. दोघं सूर्याच्या एकाच बाजूला आले की त्यांच्यात ५२ सेंटिमीटर, आणि समोरासमोर गेले की अडीच मीटर. जवळजवळ पाचपट फरक. मंगळ काही महिने आकाशात ठळक तांबडा दिसतो आणि काही महिने शोधावा लागतो, त्याचं हे कारण. ग्रहांच्या कक्षाही तंतोतंत गोल नाहीत. बुध या दोरीवर ३१ ते ४७ सेंटिमीटर असा आतबाहेर होत असतो. आपण लावलेली ३९ ची खूण ही सरासरी आहे. वेगाचाही अंदाज यातून येतो. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६ मीटर २८ सेंटिमीटर, तो पृथ्वीने ३६५ दिवसांत चालायचा, म्हणजे दिवसाला १.७ सेंटिमीटर. नेपच्यूनचा परीघ १८९ मीटर आणि वर्ष आपल्या १६५ वर्षांचं. भागाकार केला तर दिवसाला जेमतेम तीन मिलिमीटर येतात. नेपच्यूनला फेरी लांब आहे म्हणूनच वेळ लागतो असं नाही, तो चालतोही सावकाश.

वाचकांनी घरी करून बघण्यासाठी चार गणितं. चारही कलिंगडाच्या सूर्याची, म्हणजे एक खगोलीय एकक बरोबर २३ मीटर ६५ सेंटिमीटर आणि एक सेंटिमीटर बरोबर ६३,२४५ किलोमीटर, या मापाने सोडवायची.

पहिलं, पृथ्वीच्या मोहरीपासून चंद्र किती अंतरावर ठेवायचा? दुसरं, मंगळ आणि गुरूच्या मधला सीरिस हा लघुग्रह १ जानेवारी १८०१ रोजी पिआत्झी यांना पालेर्मोच्या वेधशाळेतून सापडला. तो सूर्यापासून सरासरी २.७७ खगोलीय एकक दूर आहे, तर त्याची जागा रस्त्यावर कुठे? तिसरं, १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ यान २०२५ मध्ये १६५ खगोलीय एककांच्या पलीकडे गेलं होतं. १६५ एकक म्हणजे कलिंगडापासून किती? चौथं, सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी २ लाख ६८ हजार खगोलीय एकक दूर आहे आणि त्याचा व्यास सूर्याच्या ०.१५ पट आहे. त्यासाठी कोणतं फळ घ्यायचं आणि ते कुठे ठेवायचं?

उत्तरं: चंद्र ६ सेंटिमीटरवर. सीरिस ६५ मीटर ५० सेंटिमीटरवर. व्हॉयेजर ३ किलोमीटर ९०० मीटरवर. प्रॉक्झिमा सेंटॉरीसाठी सव्वातीन सेंटिमीटरचं लहान लिंबू, ६,३४० किलोमीटरवर. कलिंगड मुंबईत असेल तर लिंबू बर्लिनच्या आसपास ठेवावं लागेल.